छातीपासून पायापर्यंत प्लास्टर: भाचीसाठी काय न्यावं?

ताई, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी चार वर्षांची आहे. तिचा खुबा जन्मापासून निखळलेला होता, ते उशिरा लक्षात आलं. पुढच्या आठवड्यात पुण्यात ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, छातीपासून पायापर्यंत प्लास्टर घालतील आणि ते साधारण सहा आठवडे राहील. मुलगी वाऱ्यासारखी, एका जागी पाच मिनिटं बसत नाही. सगळे नातेवाईक मला विचारतायत, काय आणू? कुणी टेडी म्हणतंय, कुणी चॉकलेटचा डबा, मोठे काका सायकल घेऊन ठेवतो म्हणतात. मी नाशिकहून आठवडाभर जाऊन राहणार आहे. तिचा नऊ वर्षांचा भाऊही घरात असेल. काय न्यावं आणि इतके दिवस तिला रमवायचं कसं?
— एक मावशी, नाशिक

नमस्कार. काकांना सायकलचं तेवढं आजच फोन करून थांबवा. ती भेट वाईट नाही, पण तिची वेळ अजून बरेच महिने लांब आहे, आणि समोर उभी असलेली सायकल बघत पडून राहणं ही चार वर्षांच्या मुलीला शिक्षाच आहे.

मी लहान मुलांच्या हाडांच्या वॉर्डात ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून काम करते, त्यामुळे या प्लास्टरशी माझी रोजची ओळख आहे. हॉस्पिटलात त्याला ‘हिप स्पायका’ किंवा नुसतं ‘स्पायका’ म्हणतात. दुकानात जाण्याआधी ते अंगावर कसं बसतं हे डोळ्यांसमोर आणा. छातीखालून सुरू होतं, पोट आणि कंबर वेढून ऑपरेशन झालेल्या पायाच्या घोट्यापर्यंत जातं, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या पायाच्या गुडघ्यापर्यंतही. दोन्ही पाय फाकलेले, मध्ये एक आडवी दांडी. (ती दांडी धरून मुलीला उचलायचं नसतं. भेटायला येणारी हौशी मंडळी नेमका तिलाच हात घालतात, तेव्हा दारातच सांगून ठेवा.) कमरेत वाकता येत नाही, म्हणून मांडी घालून बसणं नाही. पाठीवर, कुशीवर किंवा पोटावर झोपवता येतं, उशा लावून थोडं टेकवता येतं. हात मात्र पूर्ण मोकळे असतात. आणि छाती व प्लास्टरचा काठ यांच्यामध्ये दोन बोटं जातील एवढी फट असते.

भेटीचा सगळा हिशोब या फटीपासून सुरू करा. मणी, नाणी, ठोकळ्यांचे बारीक तुकडे, बाहुलीचे बूट, खडूचा तुटका शेंडा, सगळं त्या फटीतून आत घरंगळतं. मूल मुद्दामही टाकतं, कारण टाकलं की वस्तू गायब होते आणि हा खेळ फार मजेचा वाटतो. आत गेलेली वस्तू दिसत नाही, हाताला लागत नाही, आणि हलता न येणाऱ्या अंगाला तासन् तास एकाच जागी टोचत राहते. तिथे जखम होते. आमच्याकडे एक मुलगी आली होती, तिला घरी भेळेतले मुरमुरे हातात देऊन पाठीवर झोपवलं होतं. दोन-तीन दिवसांनी ती पाठीच्या एकाच ठिकाणी दुखतंय म्हणून रडायला लागली. आईला वाटलं, कंटाळली असेल. मग कुजकट वास यायला लागला. प्लास्टरला खिडकी कापून बघितलं तर घामाने भिजलेले मुरमुरे आणि खाली लालभडक, सोललेली कातडी.

म्हणून नियम साधा ठेवा: तिच्या मुठीत मावून दिसेनाशी होईल अशी कोणतीही वस्तू भेटीत नको. मण्यांच्या माळा, टिकल्या, चमकी, वाळूचे खेळ, फुटाण्याएवढे रंगीत चुंबक, सगळं बाद. छोटी जोरदार चुंबकं तर प्लास्टर नसलेल्या मुलालाही देऊ नयेत, गिळली तर आतड्याला भोक पाडू शकतात. आणि काही आत गेलंच तर पट्टी, विणायची सुई, चमचा असलं काहीही आत घालून काढायला जाऊ नका, वस्तू आणखी खोल जाते. हॉस्पिटलला फोन करा. मुलगी एकाच जागेबद्दल तक्रार करतेय, प्लास्टरमधून वेगळाच वास येतोय, बाहेर ओला डाग उमटलाय किंवा ताप आहे, तर वाट बघू नका. पायाची बोटं थंड, फिकट, निळसर किंवा खूप सुजलेली दिसली, किंवा ती हलवेनाशी झाली, तर रात्र असली तरी निघायचं.

याच फटीसाठी तुमची पहिली खरेदी खेळणं नसून कपडे असावेत. तिच्या मापाहून दोन-तीन मापं मोठे सुती टी-शर्ट घ्या, चार-पाच. ते प्लास्टरवरून खाली येतात आणि काठ आपोआप झाकतात. जेवताना आणि खेळताना त्यावर एक पातळ टॉवेल पसरायचा. त्यावर तिच्या आवडीचं चित्र असेल तर तीच भेट झाली. प्लास्टरमध्ये उकडतं, म्हणून मखमली, लोकरी काही नको. पावडरचा डबा घेऊन कुणी आलं तर तो बाजूला ठेवा. पावडर आत गेली की घामाने तिचे गोळे होतात.

हॉस्पिटलातले पहिले दोन-तीन दिवस फारसं काही नेऊ नका. हाडावर काम झालेलं असतं, दुखणं आणि पायाचे स्नायू अचानक आखडणं या दोन्हींनी ती बेजार असेल, औषधांनी झोपेत असेल. या काळात तिच्याकडून काहीही करून घेणारी भेट उपयोगाची नाही. ऐकण्याच्या गोष्टी चालतात. तुम्ही नाशिकलाच आहात तोवर मोबाइलवर तुमच्या आवाजात पाच-सहा छोट्या गोष्टी रेकॉर्ड करा. चिऊ-काऊची एक, बाकीच्या तिच्याच घरातल्या: दादा लहानपणी कसा हरवला, आईने कुत्र्याचं पिल्लू कसं लपवून ठेवलं होतं. आजीकडूनही एक घ्या. रात्री तीन वाजता जाग आलेल्या मुलीला आणि तिच्या आईला त्यांचा किती आधार होतो, ते मी वॉर्डात बघते. टेडी आणायचाच तर एकच, नवा, धुता येईल असा आणि हातात मावेल एवढा. पलंगाचा निम्मा भाग अडवणारा टेडी दर वेळी कूस बदलताना कुणालातरी उचलून ठेवावा लागतो. रबरी फुगे आणि फुलं नेण्याआधी वॉर्डात विचारा, बऱ्याच ठिकाणी मनाई असते. आणि स्वतःला सर्दी-खोकला असेल तर भेट दुसऱ्याच्या हाती पाठवा.

मोबाइलवरच्या कार्टूनबद्दल मला फार कडक राहता येत नाही. कूस बदलताना, लंगोट बदलताना, दुखत असताना ते लावावं. फक्त पाठीवर झोपलेल्या मुलाने तो चेहऱ्यावर धरला की हात दमतात आणि फोन थेट नाकावर आपटतो. पलंगाला चिमट्याने बसणारा, वाकणारा स्टँड मिळतो. तो पैसेवाल्या नातेवाइकाला सांगा.

ऑपरेशनच्या आधीच देण्यासारखी एक भेट मात्र आहे: कापडी बाहुली, वीत-दीड वीत उंच, पाय मऊ असलेली. सोबत मेडिकल दुकानातून बँडेजचा एक रोल. ऑपरेशनच्या एक-दोन दिवस आधी आई आणि तुम्ही मिळून बाहुलीचे पाय फाकवून छातीखालून घोट्यापर्यंत बँडेज गुंडाळा, मध्ये आइसक्रीमची काडी बांधा, आणि भाचीला सांगा की बाहुलीचा खुबा डॉक्टरांनी जागेवर बसवला, आता तो तिथेच राहावा म्हणून हे घातलंय. जागी झाल्यावर स्वतःकडे बघून बसणारा धक्का त्याने बराच कमी होतो. नंतर काय होतं तेही बघा. ती बाहुलीला रागावेल, इंजेक्शन देईल, ‘रडायचं नाही’ म्हणून दम देईल. देऊ दे. तिला कुठे दुखतंय, कशाची भीती वाटतेय, हे तिला थेट विचारून कळणार नाही ते बाहुलीच्या तोंडून कळतं.

आता घर. माझ्या मते खेळायला सगळ्यात चांगली स्थिती पोटावरची. बऱ्याच घरांत मुलाला पोटावर घालायला घाबरतात आणि सहा आठवडे ते छताकडे बघत राहतं. सोडताना हॉस्पिटलात कूस बदलायची पद्धत दाखवतात, ती तुम्हीही नीट शिकून घ्या. दोन माणसं लागतात. दिवसा दर दोन-तीन तासांनी स्थिती बदलायचीच असते, नाहीतर टाचेवर आणि माकडहाडावर दाब पडून चट्टे येतात. मग त्यातल्या दोन फेऱ्या खेळाच्या वेळी येतील अशा बसवा. जमिनीवर गादी, छातीखाली उशी, आणि नडगीखाली दुसरी उशी, म्हणजे पायाची बोटं गादीत दाबली जाणार नाहीत. समोर एक पाट. पाट नसेल तर चार इंच उंचीचं काहीही सपाट. पलंगाच्या काठावर हे करू नका, प्लास्टरच्या वजनाने मूल बघता बघता घसरतं. आणि पोटावर असताना कुणीतरी मोठं माणूस तिथेच बसलेलं हवं.

या पाटावर काय काय चालतं? भातुकली पहिली. मात्र पितळेची इवलीशी नको, लाकडाची किंवा स्टीलची, वाटीएवढी भांडी असलेली. खरं तर स्वयंपाकघरातल्या दोन वाट्या, एक पळी आणि छोटं पोळपाट-लाटणंही पुरतं. सोबत कणीक. लिंबाएवढा गोळा, जरा मऊ, दोन थेंब तेल लावून म्हणजे हाताला चिकटत नाही. दोन गोळ्यांत हळद आणि बिटाचा रस घातला की रंग झाले. ती पोळ्या लाटेल, साप करेल, पुन्हा मोडेल. कणीक वाळायला लागली की तिचे खपले पडतात आणि आपण पुन्हा त्या फटीशी येतो, म्हणून अर्ध्या तासाने गोळा उचलायचा आणि संध्याकाळी टाकून द्यायचा. उन्हाळ्यात तर ठेवूच नका.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे मोठी चुंबकी अक्षरं किंवा चित्रं, तळहाताएवढी, ज्यांतलं चुंबक सुटून येत नाही अशी. घेताना प्रत्येक ओढून बघा. लोक ती स्टीलच्या ताटावर लावायला जातात आणि हिरमुसतात, कारण घरातल्या बऱ्याच स्टीलला चुंबक चिकटतच नाही. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण घ्या. काठ असल्यामुळे त्यावरून काही घसरतही नाही. हेच झाकण पाठीवर असताना उशीला टेकवून तिरकं उभं करता येतं.

पाठीवरचा खेळ वेगळा. हात वर धरून काही करायचं तर लहान मूल दोन मिनिटांत दमतं. तेव्हा वस्तू तिच्यापर्यंत खाली यायला हवी किंवा टेकलेली हवी. चित्रं काढायला चिमट्याची पाटी घ्या, परीक्षेला नेतात ती, आणि जाड मेणाचे खडू. आडवं पडून वरच्या दिशेने लिहिताना बॉलपेन थोड्याच वेळात उमटायचं थांबतं, शाई खाली उतरत नाही. मूल समजतं पेन खराब झालं, आणि रडारड होते. खडू आणि पेन्सिल कुठल्याही कोनात चालतात. प्लास्टरवर चित्रं काढायची हौस सगळ्यांना असते. ते पूर्ण वाळल्यावर, म्हणजे साधारण दोन दिवसांनी, स्केचपेनने चार फुलं, दादाची सही, एवढं चालेल. पाण्याचे रंग नको, साधं प्लास्टर ओलं झालं की मऊ पडतं. आणि सगळं रंगवून टाकू नका, आतून डाग आला तर दिसला पाहिजे.

हातातली वस्तू सारखी खाली पडणं हा पाठीवरचा मोठा छळ आहे. आई वाकून वाकून दमते, मुलगी चिडते. दोन-तीन खेळणी रुंद फितीने गादीच्या बाजूच्या कठड्याला किंवा उशीच्या अभ्र्याला बांधा. फीत वीतभरच ठेवा, लांब असली तर मानेत अडकू शकते. आणि एक न फुटणारा आरसा द्या, प्लास्टिकचा, ताटलीएवढा. पडल्या पडल्या मागच्या दारातून कोण आलं, स्वयंपाकघरात काय चाललंय हे तिला त्यात दिसतं. या आरशाइतकी स्वस्त आणि इतकी वापरली जाणारी भेट मी दुसरी पाहिलेली नाही.

रात्रीसाठी टॉर्च. दिवे घालवून छतावर हाताच्या सावल्यांचे ससे, हरणं, कोंबडा. इथे भावाला कामाला लावा. नऊ वर्षांच्या मुलाला जाड कागदाचे आकार कापून काडीला चिकटवून द्यायला सांगितलं की तो रोज नवीन प्राणी तयार करतो आणि खेळाचा मालक होतो. नाहीतर त्याच्या वाट्याला दिवसभर ‘आवाज करू नकोस, तिला धक्का लागेल’ एवढंच येतं. तुमच्या बॅगेत त्याच्यासाठीही एक पाकीट असू द्या, आणि ते तिच्या पाकिटांच्या आधी द्या. पोतडीतली वस्तू ओळखण्याचा खेळही दोघांना जमतो: कापडी पिशवीत कंगवा, वाटी, किल्ल्यांचा मोठा जुडगा, कांदा; न बघता हात घालून सांगायचं काय आहे ते.

सगळ्या भेटी एकदम उघडू देऊ नका. नातेवाइकांनी आणलेलं सगळं बहिणीकडून घेऊन कपाटात ठेवा आणि आठवड्याला दोन काढा. चार वर्षांचं मूल एका गोष्टीत दहा-पंधरा मिनिटं रमतं, त्यामुळे दिवसाचा आराखडा तासांचा नको. समजा तिसरा आठवडा आहे. सकाळी आंघोळीऐवजी अंग पुसून झालं की उशांना टेकवून नाश्ता आणि गोष्टीचं पुस्तक. अकराच्या सुमारास पोटावर, पाटावर कणीक किंवा भातुकली, वीस मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत. जेवण, झोप. चार ते सहा ही सगळ्यात अवघड वेळ. बाहेर मुलांचा खेळायचा आवाज येतो आणि ती बिथरते. नवं पाकीट उघडायचं तर याच वेळी. गादी गॅलरीत किंवा खिडकीपाशी न्या, मैत्रिणीला बोलवा, पण एकच आणि अर्धा तास. रात्री जेवणानंतर सावल्या. मधल्या वेळात ती काहीच करत नसेल तर तसंच राहू द्या.

‘आता किती दिवस राहिले’ याची कागदी साखळी करून रोज एक कडी तोडायची, असं कुणीतरी सुचवेलच. मी ती करू देत नाही. प्लास्टर कधी निघणार ते एक्स-रे बघून ठरतं, आणि कधी कधी तारीख पुढे जाते. शेवटची कडी तुटली आणि प्लास्टर तसंच, हे त्या वयाच्या मुलीला कसं समजावणार? उलट करा. भिंतीवर झाडाची फांदी काढा आणि झालेल्या प्रत्येक दिवसाचं एक पान चिकटवा. पानं वाढत जातात, कुणाचा शब्द मोडत नाही.

चॉकलेटच्या डब्यांचं काय? पडून राहिल्याने शौचाला घट्ट होतं, दुखण्याची काही औषधं त्यात भर घालतात, आणि पोटाभोवती कडक वेढा असल्यामुळे फुगलेल्या पोटाला जागा नसते. म्हणून खाऊ थोडा थोडा आणि वरचेवर: पपई, चिकू, भिजवलेल्या मनुकांचं पाणी, ताक, पातळ खिचडी. मनुका वाटीत मोजून, हातात पुडा नको. तुम्हाला विचारणाऱ्यांना सरळ सांगा, फळं आणा. तिच्यासाठी गमतीदार आकाराची नळी असलेली पाण्याची बाटली आणा, आडवं पडून पाणी पिणं त्याने सोपं होतं. पोट खूप फुगलं आणि वारंवार उलट्या होऊ लागल्या तर ते अपचन समजून घरी ओवा देत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक, नाजूक गोष्ट. भाची शी-शू सांगायला शिकलेली असेल आणि आता तिला पुन्हा लंगोट लागेल. तिला याची लाज वाटते, चार वर्षांचीही वाटते. पाहुण्यांसमोर कुणी ‘अगं, बाळ झालीस की!’ म्हणालं तर ती दिवसभर बोलत नाही. एक रंगीत ओढणी किंवा साडी दोरीवर टाकून गादीभोवती पडदा करता येईल अशी सोय करा. तिचं ‘घर’ म्हणून खेळातही चालतं आणि वेळेला आडोसाही होतो.

एक पाकीट प्लास्टर निघेल त्या दिवसासाठी राखून ठेवा. कापायच्या करवतीचा आवाज मोठा असतो. तिचं पातं फिरत नाही, थरथरतं, त्यामुळे कडक प्लास्टर कापलं जातं, मऊ कातडी सहसा नाही, पण मुलांना आवाजाचीच भीती असते. कानावर बसणारे मोठे हेडफोन आणि तिचं आवडतं गाणं, ही त्या दिवसाची भेट. आतून निघालेली कातडी कोरडी, खवलेदार असते आणि पाय बारीक दिसतो. चोळून खवले काढू नका. कोमट पाणी, हळू हाताने तेल, बस. डॉक्टरांनी पाण्यात बसायची परवानगी दिली की टबात तरंगणारी बदकं, मग, गाळणी द्या. पाण्यात ती आखडलेले पाय आपणहून हलवते, आणि आमचं निम्मं काम तिथे होतं. ती लगेच उभी राहिली नाही तर हात धरून ओढू नका. वजन कधी टाकायचं ते सर्जन सांगतील, त्याआधी चालवायची घाई नको. काकांच्या सायकलबद्दल त्यांनाच विचारा.

तुम्ही आठवडाभर राहणार आहात, तर माझा सल्ला, हॉस्पिटलातल्या दिवसांत जाऊ नका. तेव्हा माणसं खूप असतात. दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात जा, जेव्हा सगळे आपापल्या कामाला लागलेले असतात. दुपारी दोन तास गादीशेजारी तुम्ही बसा आणि बहिणीला दार लावून झोपू द्या.